मधाची आणि तुपाची बरणी: सील, लेबल आणि पोत पाहून शुद्धता कळते का?

चैताली_पुणे

महाबळेश्वरहून परतताना रस्त्यावरच्या एका दुकानातून अर्धा किलो मध घेतला होता. काचेची बरणी, झाकणाखाली चंदेरी फॉइलचं सील, लेबलवर 'जंगली मध'. आता बरणीचा खालचा निम्मा भाग पांढुरका आणि दाणेदार झालाय, वर पातळ मध तरंगतोय. काचेला आतून वरच्या बाजूला पांढरे फराटेही दिसतायत. त्याच सुमारास ऑनलाइन तूप मागवलं, 'देशी गाय, ए2, बिलोना' असं लिहिलेलं. ते रवाळ अजिबात नाही, एकदम गुळगुळीत आहे.

सासूबाईंचं म्हणणं, मधात साखर आहे आणि तुपात डालडा. दोन्ही बरण्यांची सीलं मी स्वतः फोडली, लेबलवर परवान्याचा नंबर आहे. मग तरी भेसळ असू शकते का? आणि नुसतं बघून काय ठरवता येतं?

आबा_सातारकर

सूनबाई, सासूबाईंचं ऐका. खरा मध कधी थिजत नाही. खाली बसली ती साखरच. ग्लासभर पाण्यात एक थेंब सोडा, तळाशी जसाच्या तसा गेला तर अस्सल, विरघळला तर पाक. काडेपेटीची काडी मधात बुडवून पेटवली तर पेटली पाहिजे. आमच्या वडिलांनी आयुष्यभर असाच मध पारखला. तुपाचंही तेच, रवाळ नाही ते तूप नाही.

सातेरी

आबा, तुमच्या वडिलांचा मध ओळखीच्या माणसाकडून, डोळ्यांदेखत पोळं पिळून येत असणार, म्हणून तो अस्सल होता. पाण्याच्या ग्लासामुळे नव्हे.

मी पुण्यातल्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेत प्रशिक्षण घेतलं, आता भोरकडे सातेरी मधमाश्यांच्या पेट्या सांभाळतो. थोडं सविस्तर लिहितो.

मध म्हणजे मुळात दोन साखरांचं दाट द्रावण, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि जेमतेम पाचवा हिस्सा पाणी. एवढ्या कमी पाण्यात ग्लुकोज मावत नाही, म्हणून ते हळूहळू दाणे धरून बाहेर पडतं. फुलात ग्लुकोज जास्त असेल तर मध लवकर बसतो. मोहरीचा आणि सूर्यफुलाचा मध तर काही आठवड्यांत पांढरा, घट्ट होतो. सगळ्यात जोरात दाणा धरतो तो 14 अंशांच्या आसपास, म्हणून महाबळेश्वरच्या किंवा पुण्याच्या थंडीत हे जास्त दिसतं. बसलेला मध काचेपासून किंचित सुटतो, त्या फटीत हवा शिरते आणि पांढरे फराटे दिसतात. ती बुरशी नाही.

म्हणजे चैतालीताईंची बरणी बसली म्हणून ती भेसळीची ठरत नाही. पण ती बसली म्हणून शुद्धही ठरत नाही, कारण ग्लुकोजवाला पाक घातलेला मधही बसू शकतो. हल्ली 'थिजतो तोच खरा' असंही फिरतं. तेही तितकंच चूक.

पाण्यातल्या थेंबावरून फक्त दाटपणा कळतो. दाट पाक तसाच तळाशी जातो. उलट आमच्या घाटातला सातेरीचा पावसाळी मध खरा असून पातळ असतो, तो पाण्यात पटकन पसरतो. काडीचंही तेच, ती पेटणं न पेटणं मधातल्या पाण्यावर अवलंबून.

आता पोताने किती फसायला होतं ते कारवीवरून बघा. कारवी काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलते. तिचा मध बरणीत जेलीसारखा बसतो, बरणी आडवी केली तरी हलत नाही. चमच्याने जोरात ढवळा, वाहायला लागतो. ठेवून द्या, परत घट्ट. ज्याला माहीत नाही तो शपथेवर सांगेल की यात काहीतरी घातलंय.

गार्गी_न

धाग्याचं शीर्षक वाचून लगेच विचारतेय. माझं बाळ चार महिन्यांचं आहे. आई म्हणते गुटीबरोबर मध चाटव, पण शुद्ध हवा. सीलबंद चांगल्या कंपनीचा घेऊ की ओळखीच्या पेटीवाल्याकडून आणू?

सातेरी

गार्गीताई, दोन्ही नको. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, थेंबभरही नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. याचा शुद्धतेशी काही संबंध नाही, अगदी माझ्या पेटीतला मधही चालणार नाही. आईंना समजवायला बालरोगतज्ज्ञांची मदत घ्या.

संघातला_जुना

तुपाबद्दल मी लिहितो. दूधसंघाच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली, रोज तूपच तपासलं.

आबा, रवा पडतो तो तूप किती सावकाश निवलं त्यावर. तुपातले काही स्निग्ध घटक लवकर गोठतात, काही उशिरा. सावकाश निवलं तर लवकर गोठणाऱ्यांना मोठे कण करायला वेळ मिळतो, बाकीचं तेलासारखं भोवती राहतं. झटकन गार केलं तर सगळं एकत्रच गोठतं आणि गुळगुळीत लोणी दिसतं. म्हशीच्या तुपाचा रवा गाईच्यापेक्षा मोठा पडतो. जनावराला सरकी जास्त असेल तर तूप जास्त कडक होतं. कापूसपट्ट्यातल्या तुपाला म्हणून तर कायद्याने वेगळ्या मर्यादा ठेवल्या होत्या.

चैतालीताई, एक करून बघा. थोडं तूप पूर्ण पातळ होईपर्यंत गरम करा, कण उरता कामा नये. दोन वाट्यांत ओता. एक लगेच फ्रीजमध्ये, दुसरी जाड फडक्यात गुंडाळून ओट्यावर रात्रभर. सकाळी दोन्ही बघा.

रंगाचंही सांगतो. गाईचं तूप पिवळं दिसतं ते चाऱ्यातल्या कॅरोटीनमुळे. हिरवा चारा कमी झाला की तीच गाय, तेच घर, पण तूप फिकं. रंग बाहेरून घालणंही अवघड नाही. त्यामुळे पिवळेपणावरून मी कधीच काही ठरवलं नाही.

यंत्रवेडा

मला वाटतं आपण उगाच भोंगळ चर्चा करतोय, मोजमाप करूया. मधाची घनता 1.4 च्या आसपास असते. भेसळ असेल तर बदलणारच. मी आत्ता घरातल्या मधावर केलं. छोटी बाटली काठोकाठ पाण्याने भरली, पाणी 112 ग्रॅम. तीच पुसून कोरडी करून मधाने भरली, मध 156 ग्रॅम. भागाकार 1.393. म्हणजे माझा मध शुद्ध. हे प्रत्येकाला घरी जमेल.

सातेरी

मोजलंत हे आवडलं, पण निष्कर्ष तिथवर पोचत नाही.

पहिली गोष्ट, स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो. 157 भागिले 111 केलं तर 1.414 येतं, 155 भागिले 113 केलं तर 1.372. पहिल्या आकड्याचा अर्थ मधात साधारण 18 टक्के पाणी, दुसऱ्याचा 24 च्या पुढे. कायद्याची मर्यादा 20 टक्के आहे. म्हणजे तुमच्या आकड्यावरून मध मर्यादेच्या आत की बाहेर, तेही कळत नाही. त्यात मधातले हवेचे बुडबुडे बाटलीत जागा खातात. आम्ही यासाठी रिफ्रॅक्टोमीटर वापरतो, काचेवर एक थेंब टाकला की पाण्याची टक्केवारी दिसते.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. काटा कितीही बारीक आणलात तरी तो फक्त पाणी किती ते सांगणार. 80 टक्के साखरेच्या पाकाची घनताही 1.41 च्या जवळ येते. भेसळ करणारा पाक तेवढाच दाट करून घालतो, त्याला ते जमतंच.

यंत्रवेडा

काट्याची चूक धरली नव्हती, मान्य. पण मग पाणी मोजून उपयोग काय?

सातेरी

टिकण्यासाठी. पाणी जास्त झालं की मध आंबतो. बरणी उघडताना फस्स आवाज, वर बारीक फेस, आंबूस वास, झाकण फुगलेलं, या खुणा खऱ्या आहेत आणि डोळ्यांनी दिसतात. अशा मधाची तक्रार जरूर करा. पण तो आंबलेला खरा मधही असू शकतो. पेटीत पोळं पूर्ण मेणाने बंद व्हायच्या आत मध काढला की असं होतं.

चैतालीताईंनी एक लक्षात ठेवा. मध खाली बसतो तेव्हा वरच्या पातळ भागात पाण्याचं प्रमाण वाढतं, आंबायला तिथेच सुरुवात होते. बरणी कोमट पाण्यात ठेवा, 40 अंशांच्या पुढे नको, म्हणजे हाताला सहज सोसेल इतपत, आणि नीट ढवळून एकजीव करा.

चैताली_पुणे

तुपाचं करून बघितलं. फ्रीजमधली वाटी मेणासारखी घट्ट आणि गुळगुळीत, सुरीने कापावी अशी. फडक्यातल्या वाटीत सकाळी तळाला छान रवा आणि वर पिवळं तेल. तूप एकच, वाट्या दोन! सासूबाईंना दोन्ही चाखायला दिल्या. त्या म्हणाल्या, रवाळ वाटीतलं तूप चांगलंय, हेच का नाही आणत.

म्हणजे आता तूप खरं आहे असं समजू का?

संघातला_जुना

नाही. एवढंच कळलं की गुळगुळीतपणा हा पुरावा नव्हता. वनस्पती तूपही मुद्दाम रवाळ करून विकलं जायचं, लोकांना तसंच आवडतं म्हणून. फ्रीजमध्ये थर वेगळे झाले तर खोबरेल आहे, असा व्हिडिओ फिरतो. पण फडक्यातल्या वाटीत तुमच्या तुपाचे थर झालेच की.

डालड्यासाठी एक जुनी रासायनिक चाचणी आहे. वनस्पती तुपात तिळाचं तेल घालणं सरकारने सक्तीचं केलं होतं, ते ओळखू यावं म्हणूनच. तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुराल लावलं की गुलाबी रंग येतो. पण पाम तेल किंवा चरबी थेट मिसळली असेल, तर तीळच नाही, मग गुलाबी कुठून येणार? प्रयोगशाळेत त्यासाठी कमी लांबीची स्निग्धाम्लं मोजतात, दुधाच्या स्निग्धात ती भरपूर असतात. तरी हुशार भेसळवाला दोन-तीन तेलं जुळवून आकडा मर्यादेत आणतो, मग वायू-क्रोमॅटोग्राफीवर जावं लागतं. आम्लाचे प्रयोग घरी करू नका.

आणि 'ए2'. हे दुधातल्या प्रथिनाचं नाव आहे. तूप जवळजवळ सगळं स्निग्धच, प्रथिन बेरीवाटे गाळून गेलेलं असतं. ऑगस्ट 2024 मध्ये एफएसएसएआयने असे दावे काढा म्हणून 21 तारखेला आदेश काढला आणि 26 तारखेला मागेही घेतला. त्यामुळे लेबलवर ते अजून दिसतं. बरणीतल्या तुपावरून गाय कोणती होती ते सिद्ध करायला ग्राहकाकडे काहीच नसतं. 'बिलोना'चंही तेच, दही घुसळून केलं की मशीनवर साय वेगळी काढून, हे पोतावरून मलाही सांगता येणार नाही.

वकीलसाहेबा

सील आणि लेबलवर कोणी नीट बोललं नाही, म्हणून लिहिते. ग्राहक तक्रारींची कामं करते.

सील सांगतं की पॅक केल्यानंतर बरणी कोणी उघडली नाही. बस्स. आत काय भरलं ते सांगत नाही. फॉइल चिकटवायचं छोटं यंत्र बाजारात सहज मिळतं, रिकामी ब्रँडेड बरणी भरून पुन्हा सील लावता येते. फॉइलची कड एकसारखी चिकटली आहे का, झाकणाची कडी अखंड आहे का, बॅच आणि तारीख छापील आहे की वरून स्टिकर लावलंय, हे बघा. त्यात गडबड असेल तर घेऊ नका. ठीक असेल तर फक्त इतकंच की छेडछाड दिसत नाही.

परवान्याचा नंबर 14 आकडी असतो. पहिला आकडा 1 म्हणजे परवाना, 2 म्हणजे छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन राज्याचे, महाराष्ट्राचे 15. म्हणून आपल्याकडचा परवाना 115 ने सुरू होतो. 100 ने सुरू झाला तर केंद्रीय परवाना. पूर्ण नंबर foscos.fssai.gov.in वर टाकला की नाव, पत्ता, परवाना चालू आहे की संपला, आणि कोणत्या प्रकारच्या अन्नासाठी आहे ते दिसतं. चैतालीताई, तुमचे दोन्ही टाकून बघा.

विलास_डोंबिवली

एवढं कशाला? ॲगमार्क बघून घ्यायचं. सरकारने तपासलेलं असतं. आमच्या घरी वर्षानुवर्षं तेच.

संघातला_जुना

विलासराव, ॲगमार्कला अर्थ आहे, मी त्याच कामात होतो. पण तपासला जातो तो लॉटमधला नमुना, तुमच्या हातातली बरणी नव्हे. त्या लॉटचा नमुना ठरलेल्या चाचण्यांत बसला, इतकं ते चिन्ह सांगतं. आणि ज्या चाचण्या लावल्याच नाहीत त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही.

परदेशी_पाखरू

मधाबाबत नेमकं हेच डिसेंबर 2020 मध्ये गाजलं होतं ना? दिल्लीच्या सीएसई संस्थेने 13 ब्रँडचा मध तपासला, बहुतेक नमुने भारतातल्या नेहमीच्या चाचण्यांत पास झाले आणि जर्मनीतल्या एनएमआर चाचणीत 13 पैकी 10 ब्रँड नापास. निर्यातीसाठी एनएमआर त्याच वर्षी ऑगस्टपासून सक्तीची झाली होती. मग देशातल्या बरणीला का नाही?

सातेरी

बरोबर आठवलंत. जुन्या चाचणीने ऊस आणि मका यांची साखर सापडते, कारण या झाडांचा कार्बन फुलझाडांच्या कार्बनपेक्षा वेगळा ओळखू येतो. तांदळाचा पाक त्यातून निसटतो, तांदूळ फुलझाडांच्याच गटात बसतो. पाकच मुळी चाचणीला चकवण्यासाठी बनवला असेल, तर आपला डोळा त्यापुढे काय करणार?

पण कंपन्यांनी ते निष्कर्ष मान्य केले नव्हते. माझाही एक प्रश्न आहे. एनएमआर ही तुलना असते, आधीच साठवलेल्या खऱ्या नमुन्यांशी. त्यात आपल्या सातेरीचे, आग्याचे, कारवीचे नमुने पुरेसे नसतील तर खरा मधही वेगळा दिसू शकतो. कारवीच्या मधाची साखर इतकी वेगळी आहे की आपल्या मधाच्या मानकांत तिच्यासाठी स्वतंत्र आकडे दिलेत.

परदेशी_पाखरू

मग छोट्या मधपाळांवर सक्ती केली तर तेच मरतील आणि मोठे सुटतील, असंही होऊ शकतं.

सातेरी

त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मला दोन्ही भीती वाटतात. पाकामुळे मधाचा भाव पडतो, तेव्हाही आम्हीच मरतो.

चैताली_पुणे

नंबर टाकून बघितले. तुपाचा 115 ने सुरू होतो, चालू आहे, पत्ता जुळतो, दुग्धजन्य पदार्थांसाठीच आहे. मधाचा मात्र दुसऱ्या राज्यातल्या पॅकरचा निघाला. लेबलवर मोठ्या अक्षरांत महाबळेश्वरचं दुकान, 'विक्री' म्हणून, आणि खाली बारीक अक्षरांत 'पॅक करणार' वेगळाच. म्हणजे फसवणूक झाली?

वकीलसाहेबा

लगेच तसं म्हणता येत नाही. पॅकर बाहेरचा असणं बेकायदेशीर नाही, त्यांनी ते लिहिलंही आहे. दुकानदार तोंडी 'इथल्या जंगलातला' म्हणाला होता का? बिल आहे का?

चैताली_पुणे

तोंडी म्हणाला होता. बिल नाही.

सातेरी

लेबलवरची ती बारीक ओळ मला बरणीतल्या दाण्यांपेक्षा जास्त सांगून गेली. इतका लवकर आणि पांढरा बसलेला मध बघून मोहरीचा असेल असं माझ्या मनात आलं होतं, तो राजस्थान-हरियाणाकडे निघतो. अस्सल मध असेल, फक्त सह्याद्रीतला नसेल. पण हाही अंदाजच, परागकण तपासल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

आबा_सातारकर

महाबळेश्वरजवळचं मांघर मधाचं गाव झालंय 2022 पासून, तिथून घ्यावा. मधपाळाच्या घरी पेट्या दिसतात. थिजण्याबद्दल मात्र माझं मन अजून मानत नाही. आमच्या घरचा कधी थिजला नाही.

सातेरी

तुमच्या घरचा थिजला नसेल, आबा, ते खरंच आहे. आपल्याकडच्या फुलोऱ्यातले बरेच मध लवकर बसत नाहीत.

वकीलसाहेबा

ज्यांना खरंच संशय आहे त्यांच्यासाठी. अन्न सुरक्षा कायदा 2006 च्या कलम 40 नुसार ग्राहक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. नमुना मानकांत बसला नाही तर फी परत मिळते. किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा, नमुना ते घेतील.

पण उघडलेली बरणी नेली की समोरचा पहिलं हेच म्हणतो, 'नंतर काहीतरी मिसळलं असेल'. म्हणून त्याच बॅचची दुसरी, सील न फोडलेली बरणी बिलासकट घ्या, लेबलचे चारही बाजूंनी फोटो काढा, बॅच नंबर स्पष्ट दिसेल असे. सीलचा खरा उपयोग इथे होतो.

चैताली_पुणे

तुपाची दुसरी बरणी त्याच बॅचची मिळतेय, मागवली. मधासाठी पुढच्या वेळी वाईला जाणं होईल तेव्हा त्या दुकानात बिल मागेन. संघातले काका, तूप तपासायला देताना कोणत्या चाचण्या मागू? सगळ्या सांगितल्या तर खर्च फार होईल.

संघातला_जुना

आधी रायशर्ट-माइसल आकडा, म्हणजे वर सांगितलेल्या कमी लांबीच्या स्निग्धाम्लांचं मोजमाप, आणि तिळाच्या तेलाची चाचणी मागा, दोन्ही साध्या आहेत. आकडा 28 च्या खाली आला तर पुढे स्निग्धाम्लांचा आराखडा मागा. 28 च्या वर आला तरी संशय राहिलाच, तर प्रयोगशाळेला आधी विचारा की परक्या स्निग्धासाठी त्यांच्याकडे काय सोय आहे. सगळीकडे नसते. अहवाल आला की इथे टाका, आकडे वाचायला मदत करतो.